करार संपल्यावर सरांना अडवता येत नाही: लातूरच्या क्लासचालकांना खुले पत्र

लातूरमधील सर्व खासगी क्लासचालक आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी लातूरच्या न्यायालयात वकिली करते. गेल्या जूनमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एक सर माझ्याकडे एक नोटीस घेऊन आले. एका क्लासबरोबर त्यांचा तीन वर्षांचा करार होता, १ जून २०२२ ते ३१ मे २०२५. तिन्ही वर्षं त्यांनी एकही बॅच अर्धवट न सोडता पूर्ण केली, नीटची शेवटची उजळणीही घेतली आणि मग निरोप घेतला. जूनमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी चाळीस मुलांची स्वतःची बॅच सुरू केली. आठवड्याभरात नोटीस आली. करारातल्या अट क्रमांक १४ प्रमाणे क्लास सोडल्यापासून दोन वर्षं, लातूर शहर आणि भोवतीच्या ५० किलोमीटरच्या परिघात, त्यांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणत्याही विद्यार्थ्याला शिकवायचं नाही, आणि शिकवल्यास १० लाख रुपये द्यायचे. सोबत आठवण करून दिली होती की त्यांची मूळ प्रमाणपत्रं आणि सही केलेले दोन कोरे धनादेश क्लासच्या कपाटात आहेत.

तो क्लास कोणता, हे इथे सांगायचं कारण नाही. त्यानंतर मी असे आणखी सात-आठ करार वाचले. अट १४ कुठे १२ होती, कुठे १९; पण वाक्यं तीच. म्हणजे एकच मसुदा गावभर फिरतो आहे. म्हणून हे पत्र एका क्लासला न लिहिता तुम्हा सर्वांना लिहिते आहे.

त्या नोटिशीत एका निकालाचा हवाला होता: निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, सर्वोच्च न्यायालय, १९६७. नोकराला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यापासून रोखणारी अट न्यायालयाने उचलून धरली, असं त्यात म्हटलं होतं. हे खरं आहे. पण ती अट कोणती होती आणि कधीपर्यंतची होती, हे नोटिशीत नव्हतं. सगळी गोम तिथेच आहे, म्हणून तो खटला जरा सविस्तर सांगते.

कल्याणजवळ सेंच्युरीचा रेयॉनचा कारखाना. टायरच्या आत घालायच्या दोऱ्याचं तंत्र कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या दोन कंपन्यांकडून मिळवलं होतं. त्यांची अट अशी की हे तंत्र गुप्त राहिलं पाहिजे आणि कामगारांकडूनही तसं लिहून घेतलं पाहिजे. गोलिकरी तिथे शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. करार पाच वर्षांचा, मार्च १९६३ पासून पुढे. त्या वर्षी मार्च ते डिसेंबर कंपनीने त्यांना प्रशिक्षण दिलं. कराराच्या सतराव्या कलमात लिहिलं होतं की मुदतीआधी नोकरी सोडली, तर उरलेल्या मुदतीत त्यांनी अशाच धंद्यात दुसरीकडे काम करायचं नाही. १९६४ च्या शरद ऋतूत ते गैरहजर राहू लागले, मग राजीनामा आला, आणि ते कोट्याला राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर रुजू झाले. कंपनीने कल्याणच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तिथे मनाई हुकूम मिळाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला.

आता तो हुकूम काय होता ते पाहा. मार्च १९६८ पर्यंत, म्हणजे करारातली पाच वर्षं जिथे संपत होती तिथपर्यंतच. तेही त्या ठराविक दोऱ्याच्या उत्पादनापुरतं. त्याच्या बाहेर कुठेही, काहीही करायला गोलिकरी मोकळे होते. न्यायमूर्ती शेलत यांनी फरक स्पष्ट केला: करार चालू असताना लागू असलेलं बंधन वेगळं आणि करार संपल्यानंतर लागू होणारं बंधन वेगळं. पहिल्या प्रकारात माणसाने एकाच मालकाची चाकरी करण्याचं वचन दिलेलं असतं, आणि ते वचन सहसा व्यवसायावरचा प्रतिबंध ठरत नाही. मात्र त्यालाही न्यायालयाने मर्यादा घातली. अट अमानुष, अतिकठोर किंवा एकतर्फी असेल, तर मुदतीच्या आतली असूनही ती टिकणार नाही.

आमच्या सरांची तीन वर्षं ३१ मे २०२५ ला संपली. अट १४ तिथून पुढे सुरू होते. गोलिकरींची अट जिथे संपली, तिथे तुमची उगवते. त्या निकालाचा आधार घेऊन तुम्ही नेमकी उलटी गोष्ट मागता आहात.

पण दोन वर्षं म्हणजे काही फार नाहीत, ५० किलोमीटर म्हणजे काही सगळा महाराष्ट्र नाही, वाजवी अट आहे, असं एक चालक मला म्हणाले. युक्तिवाद चांगला आहे, पण तो इंग्लंडमध्ये चालेल. तिथल्या न्यायालयांनी १८९४ सालच्या नॉर्डनफेल्ट खटल्यापासून वाजवीपणाची कसोटी पक्की केली: किती काळ, किती प्रदेश, मालकाचं कोणतं हित जपायचं आहे, हे तोलून नोकरी सुटल्यानंतरची अटही ते टिकवतात. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ उभं आहे. ते सांगतं की कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार वा धंदा करण्यापासून रोखणारा प्रत्येक करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. वाजवी की अवाजवी, हा शब्दच त्या मुख्य वाक्यात नाही.

कायदा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयापुढे याची परीक्षा झाली. माधव चंदर परामाणिक आणि राजकुमार दास, दोघेही भांड्यांचे व्यापारी, शहराच्या एकाच भागात दुकानं. दास यांनी परामाणिकांना सांगितलं की इथलं तुमचं दुकान बंद करा, तुम्ही कारागिरांना उचल म्हणून दिलेले ९०० रुपये मी तुम्हाला देतो. परामाणिकांनी दुकान बंद केलं. पैसे आले नाहीत. ते न्यायालयात गेले आणि हरले, कारण दुकान बंद करण्याचा करारच कलम २७ खाली रद्दबातल होता. बंधन एवढ्याशा भागापुरतं आहे, संपूर्ण धंद्यावर नाही, हा मुद्दा तिथे मांडला गेला होता. मुख्य न्यायाधीश काउच यांनी लगतच्या कलम २८ कडे बोट दाखवलं. दाद मागण्याच्या हक्कावरच्या बंधनाबद्दल बोलताना त्या कलमात ‘संपूर्णपणे’ असा शब्द आहे, कलम २७ मध्ये तो घातलेला नाही. म्हणजे अर्धंमुर्धं बंधनसुद्धा या कलमात सापडतं. परामाणिकांवर अन्याय झाला असं मला आजही वाटतं, पण कायद्याचा अर्थ तेव्हापासून हलला नाही. विधी आयोगाने १९५८ च्या तेराव्या अहवालात वाजवी बंधनांना वाट द्या, अशी शिफारस केली होती. संसदेने ती स्वीकारलेली नाही. त्यामुळे ५० चे ५ किलोमीटर केले, दोन वर्षांचे सहा महिने केले, तरी अट १४ च्या तब्येतीत फरक पडत नाही.

यातली एक बाजू तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. १९८० मध्ये सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई हा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दिल्लीतल्या शाखा व्यवस्थापकाच्या करारात लिहिलं होतं की कंपनी सोडल्यानंतर दोन वर्षं शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी तोच धंदा करायचा नाही. तुमच्या मसुद्याशी हे अगदी मिळतंजुळतं आहे. कंपनीने त्यांना काढून टाकलं आणि त्यांनी दिल्लीतच तसलं काम सुरू केलं. तिघांपैकी दोन न्यायमूर्तींनी कलम २७ चा प्रश्न न सोडवता निकाल दिला: ‘सोडणे’ म्हणजे स्वतःहून सोडणे, मालकाने काढणे नव्हे, म्हणून अट लागूच होत नाही. न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी मात्र वेगळं निकालपत्र लिहून सांगितलं की नोकरी संपल्यानंतरची अशी अट कलम २७ खाली रद्दबातल आहे, वाजवीपणा तपासायचं कारण नाही. एखादा हुशार वकील तुम्हाला म्हणेल की बहुमताने प्रश्न उघडा ठेवला होता. १९८० पुरतं ते खरं आहे.

पण २००६ मध्ये ती फटही बुजली. श्रीरामपूरचा झहीर खान आपल्यातल्या अनेकांना गोलंदाज म्हणून माहीत आहे. वकिलांना तो पर्सेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान म्हणूनही ठाऊक आहे. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता, ऑक्टोबर २००३ मध्ये तो संपला. करारात एक अट होती की मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी या कंपनीला दाखवायचा आणि तेवढीच रक्कम देण्याची पहिली संधी तिला द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी कंपनीला तात्पुरता मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला आणि सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम केलं. लक्षात घ्या, झहीरला काम करू नकोस असं कोणी म्हणत नव्हतं. फक्त आधी आम्हाला विचार, एवढीच अट होती. मुदतीपलीकडे चालणारी म्हणून तीही रद्दबातल ठरली. मग शिकवूच नका म्हणणाऱ्या अटीची काय कथा? मुंबई उच्च न्यायालयाने तर व्हीएफएस ग्लोबलच्या खटल्यात नोकरी सुटल्यानंतर तीन महिने पगार देऊन माणसाला प्रतिस्पर्ध्यापासून दूर ठेवणारी अटदेखील अंमलात आणायला नकार दिला.

तुमचं दुखणं मला कळत नाही असं समजू नका. नोव्हेंबरमध्ये रसायनशास्त्राचे सर निघून जातात, समोरच्या इमारतीत बसतात, आणि त्यांच्या मागोमाग पंचवीस मुलं फी परत मागायला तुमच्या काउंटरवर येतात. नांदेड, बीड, धाराशिवहून आलेल्या पालकांनी वर्षाची खोली भाड्याने घेतलेली असते. ही खरी हानी आहे, आणि कायदा त्या हानीसाठी तुमच्या हातात काहीतरी देतो. पण ते अट १४ मध्ये नाही.

आमच्याच सरांचं उदाहरण उलटं फिरवून पाहू. समजा ते नोव्हेंबर २०२४ मध्येच निघून गेले असते आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या क्लासमध्ये नीटची भौतिकशास्त्राची बॅच घेऊ लागले असते. करारात ‘१ जून २०२२ ते ३१ मे २०२५ या मुदतीत मी दुसऱ्या कोणत्याही क्लासमध्ये वा स्वतंत्रपणे नीट-जेईईचं भौतिकशास्त्र शिकवणार नाही’ असं साधं वाक्य असतं, तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते आणि जिंकण्याची आशाही धरली असती. कोणतंही न्यायालय सरांना ओढून आणून तुमच्या फळ्यासमोर उभं करणार नाही; व्यक्तिगत सेवेचा करार असा बळजबरीने पाळून घेता येत नाही. पण विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ४२ सांगतं की जे करायचं नाही असं कबूल केलं, तेवढं करण्यापासून न्यायालय रोखू शकतं. तो हुकूम ३१ मे २०२५ पर्यंत चालला असता. त्याच कलमाच्या शेवटी एक परंतुक आहे आणि ते तुमच्यापैकी अनेकांना अडचणीचं आहे: दावा लावणाऱ्याने कराराची स्वतःची बाजू पाळलेली असली पाहिजे. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पगार थकवून नोव्हेंबरमध्ये मनाई हुकूम मागायला येऊ नका. असे पक्षकार माझ्याकडे आले आहेत, आणि पगाराच्या नोंदी पाहून मी त्यांना परत पाठवलं आहे.

मुदतीची लांबीही भान ठेवून लिहा. पाच वर्षांची अट गोलिकरींच्या खटल्यात टिकली, तेव्हा तिथे परदेशी तंत्र आणि नऊ-दहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. वीस वर्षांसाठी बांधून घेणारा करार कलकत्ता उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात गोपाल पेपर मिल्सच्या खटल्यात मानला नव्हता. एका शिक्षकासाठी सत्राला धरून एक किंवा दोन वर्षांची मुदत, १ जून ते ३१ मे, ही मला न्यायालयात बाजू मांडण्याजोगी वाटते.

आता १० लाखांचं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात दोन लाखांचा बाँड वैध ठरवला, आणि तेव्हापासून तुमच्या व्हॉट्सअॅप गटांवर ‘बाँड आता कायदेशीर’ असे निरोप फिरत आहेत. त्या खटल्यात बँकेच्या अधिकाऱ्याने तीन वर्षं नोकरी करण्याचं कबूल केलं होतं, तो त्याआधीच दुसऱ्या बँकेत गेला, आणि अडवून न धरता बँकेने त्याच्याकडून फक्त ठरलेली रक्कम घेतली. न्यायालयाने म्हटलं की हे बंधन नोकरीच्या काळातलं आहे, ते त्याला पुढे कुठेही काम करण्यापासून रोखत नाही. सरकारी बँकेला नवी भरती खुल्या जाहिरातीने करावी लागते, त्याचा खर्च आणि वेळ, हेही तिथे विचारात घेतलं गेलं. म्हणजे तीन वर्षं न भरता जाणाऱ्याकडून रक्कम मागता येते. तीन वर्षं भरून गेलेल्याकडून, त्याने पुढे शिकवलं म्हणून, मागता येत नाही. ती रक्कम रद्दबातल अटीची शेपटी आहे. आणि मुदतीत सोडलं तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा असते. न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं: बदली शिक्षकाला जास्त द्यावे लागलेले पैसे, परत केलेली फी, असं दाखवण्याजोगं काही. महिना साठ हजारांच्या सरांवर १० लाख लिहिले की तो आकडा धमकी म्हणून वाचला जातो, हे मी न्यायालयात पाहिलं आहे.

कोऱ्या धनादेशांचंही तेच. धनादेश न वटल्याचा गुन्हा होण्यासाठी त्यामागे कायद्याने वसूल करता येईल असं देणं असावं लागतं. रद्दबातल अटीतून असं देणं जन्मतच नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवल्याने अट १४ वैध होत नाही. उलट न्यायाधीशांपुढे तुमची बाजू सुरू होण्याआधीच पडते.

करार संपल्यानंतरही टिकणारं बंधन आपल्या कायद्यात आहे, पण त्याची जागा वेगळी. तुम्ही दुसऱ्याचा चालता क्लास विकत घेतला, त्याच्या नावलौकिकासकट, आणि त्याची किंमत मोजली, तर विकणाऱ्याला तुम्ही सांगू शकता की याच हद्दीत पुन्हा क्लास काढू नका. कलम २७ चा एकमेव उरलेला अपवाद तो आहे, आणि वाजवी हा शब्द इथे येतो. हद्द नेमकी लिहिलेली हवी: लातूर महानगरपालिकेची हद्द चालेल, ‘मराठवाडा आणि इतरत्र’ म्हटलंत तर अडचणीत याल. शिवाय हे बंधन तुम्ही तिथे तसाच धंदा चालवत आहात तोवरच. तुम्ही दोन वर्षांनी टाळं लावलंत की ते गेलं. ज्या सरांनी तुम्हाला काहीच विकलं नाही, फक्त पगारावर शिकवलं, त्यांना हा अपवाद लागत नाही. एका करारात तर शिक्षकाला ‘भागीदार’ म्हटलेलं मी वाचलं, कारण भागीदारी कायद्याखाली निघून जाणाऱ्या भागीदारावर वाजवी मुदतीचं आणि हद्दीचं बंधन घालता येतं. त्या भागीदाराला नफ्यात वाटा नव्हता, हिशेबाची वही त्याने कधी पाहिली नव्हती, दरमहा ठरलेली रक्कम खात्यात येत होती. न्यायालय नाव बघत नाही, व्यवहार बघतं.

आणि तुमचं म्हणून जे खरोखर आहे, ते तुम्ही कसलीही अट १४ न लिहिता राखू शकता. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून सरांनी तयार केलेले प्रश्नसंच आणि छापील नोट्स यांचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, कॉपीराइट कायद्याप्रमाणे क्लासच असतो. ते त्यांनी उचलून नव्या बॅचमध्ये वाटले तर थांबवता येतात. मुलांचे फोन नंबर आणि चाचण्यांच्या निकालांची यादी पेन ड्राइव्हवर नेली, तर तीही. पण परिभ्रमणाचं गणित मुलांना उमगेल असं फळ्यावर मांडायची त्यांची हातोटी त्यांची आहे. ती त्यांच्याबरोबर जाते, आणि तिच्या ओढीने आलेला मुलगाही स्वतःच्या मर्जीने येतो.

म्हणून संघटनेकडे माझी मागणी थोडकी आहे. तुमच्या फिरत्या मसुद्यातली अट १४ काढा. तिच्या जागी सत्राला धरलेली मुदत, त्या मुदतीत फक्त तुमच्याकडे शिकवण्याचं वचन, दोन महिन्यांची सूचना, आणि मुदतीत सोडल्यास पगाराच्या प्रमाणात ठरवलेली भरपाई लिहा. पगार महिन्याच्या महिन्याला द्या आणि त्याची पावती ठेवा, कारण कधी न्यायालयात यावं लागलं तर पहिला प्रश्न तोच येईल. हा नवा मसुदा तयार करायला मी स्वतः बसेन, त्याची फी घेणार नाही.

आणि ज्या चालकांच्या कपाटात आमच्या सरांची दहावी, बारावी आणि एम. एस्सी.ची प्रमाणपत्रं आहेत, ती त्यांनी येत्या सोमवारपर्यंत माझ्या कार्यालयात पोहोचवावीत. नोटिशीचं उत्तर तयार आहे. कागद आले तर ते पाठवावं लागणार नाही.

आपली,
लातूरच्या न्यायालयातील एक वकील